बाभूळ (सामान्य नाव आणि शास्त्रीय नावे)

बाभूळ (बाभळ) हे महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातील एका काटेरी वृक्षाचे नाव आहे. हाच शब्द पूर्वपद किंवा विशेषण जोडून इतर अनेक झाडांनाही लावला जातो. वेडी बाभूळ, देवबाभूळ, सुबाभूळ, विलायती बाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ही अशी काही नावे होत. ही झाडे एका जातीची नाहीत, आणि त्यांतील काही एका वंशातीलही नाहीत. छायाचित्रावरून वनस्पती ओळखताना केवळ 'बाभूळ' असे नाव लिहिले गेल्यास ते नेमके कोणत्या झाडाचे, हे ठरत नाही. या लेखात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील बाभळींच्या आधारे ही संदिग्धता कशी निर्माण होते आणि शास्त्रीय नाव ती कशी दूर करते, याची माहिती दिली आहे.

या लेखात 'वंश' हा शब्द जवळच्या जातींच्या गटासाठी आणि 'जाती' हा शब्द त्या गटातील एका घटकासाठी वापरला आहे. मराठी लेखनात 'प्रजाती' हा शब्द कोठे वंशासाठी, तर कोठे जातीसाठी वापरलेला आढळतो. म्हणून तो येथे टाळला आहे.

## पार्श्वभूमी

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीच्या पावसात येतो, तर कर्जत, जामखेड, पाथर्डी, श्रीगोंदा, पारनेर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. माळरान, ओढ्याकाठ, शेताचे बांध आणि पडीक जमीन अशा ठिकाणी काटेरी झाडे सहज वाढतात. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्यही अशाच गवताळ आणि काटेरी झुडपांच्या प्रदेशात आहे.

या भागातील शेतकरी आणि मेंढपाळ यांना बाभळीची ओळख व्यवहारातून झालेली असते. औताचे लाकूड, कुंपणाचे काटे, शेळ्यांना शेंगा, दातवण आणि डिंक हे तिचे परंपरागत उपयोग आहेत. बाहेरून आलेले एखादे काटेरी किंवा बारीक पानांचे झाड दिसले की लोक त्याला ओळखीच्या बाभळीचेच नाव देत आणि पुढे एखादे विशेषण जोडत. देशी नसलेली ती 'विलायती', अस्ताव्यस्त पसरणारी ती 'वेडी', असा हा नामकरणाचा क्रम आहे. गावात तो पुरेसा ठरतो, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही समोरच्या झाडाकडे पाहत असतात. झाड समोर नसते, फक्त त्याचे छायाचित्र असते आणि पाहणारा दुसऱ्या जिल्ह्यातील असतो, तेव्हा मात्र गोंधळ सुरू होतो.

## एक नाव, अनेक झाडे

जिल्ह्यात बाभूळ म्हणून ओळखली जाणारी प्रमुख झाडे पुढीलप्रमाणे आहेत.

बाभूळ (व्हॅचेलिया निलोटिका) हा मूळ देशी वृक्ष होय. पानांच्या बगलेत सरळ, पांढरट काट्यांची जोडी असते. फुले लहान, पिवळी आणि चेंडूसारख्या गोल गुच्छात येतात. शेंग करडी, लवदार आणि दोन बियांच्या मध्ये आवळलेली असल्यामुळे मण्यांच्या माळेसारखी दिसते.

हिवर (व्हॅचेलिया ल्युकोफ्लिआ) हे बाभळीचे जवळचे नातलग आहे. त्याला स्वतंत्र मराठी नाव असले, तरी छायाचित्रांखाली 'पांढरी बाभूळ' किंवा नुसते 'बाभूळ' असेही लिहिलेले आढळते. साल फिकट, पांढरट-पिवळसर असते. फुलांचे गोल गुच्छ पिवळे नसून मलईच्या रंगाचे असतात आणि ते फांदीच्या टोकाला मोठ्या, फांद्या फुटलेल्या तुऱ्यात येतात.

देवबाभूळ (व्हॅचेलिया फार्नेसियाना) हे अमेरिका खंडातून आलेले झुडूप आहे. फुलांचे गुच्छ पिवळे, गोल आणि अतिशय सुगंधी असतात, त्यामुळे दुरून घेतलेल्या छायाचित्रात ते बाभळीसारखेच दिसते. शेंग मात्र जाड, फुगीर, जवळपास दंडगोल असते आणि बियांच्या मध्ये आवळलेली नसते.

वेडी बाभूळ या नावाने किमान दोन जाती ओळखल्या जातात. पहिली नेल्टुमा ज्युलिफ्लोरा ही आहे. जुन्या पुस्तकांत ती प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा या नावाने आढळते. दुसरी पार्किन्सोनिया ॲक्युलिएटा ही आहे. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातील, काटेरी आणि पडीक जागेत वाढणाऱ्या आहेत. यापलीकडे त्यांच्यात फारसे साम्य नाही. 'विलायती बाभूळ' हे नावही या दोघींना लावले जाते.

सुबाभूळ (ल्युसीना ल्युकोसेफाला) हे मध्य अमेरिकेतील झाड चारा आणि जळणासाठी लावले गेले. त्याला काटे नसतात. फुलांचे गोल गुच्छ पांढरे असतात आणि चपट्या, तपकिरी शेंगांचे झुबके लोंबतात.

ऑस्ट्रेलियन बाभूळ (अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस) हे सामाजिक वनीकरणातील झाड आहे. त्यालाही काटे नसतात. पाने म्हणून जे लांबट, कोयत्यासारखे वाकडे अवयव दिसतात ते खरे तर रुंदावलेले देठ असतात. शेंगा वेटोळ्या होतात.

या उलट प्रकारही आढळतो. एकाच जातीला अनेक नावे मिळतात. देशी बाभळीच्या सरळ, खराट्यासारख्या वर जाणाऱ्या फांद्यांच्या प्रकाराला 'रामकाठी' म्हणतात. रामकाठी आणि पसरट बाभूळ वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्या एकाच जातीच्या दोन उपजाती मानल्या जातात.

## शास्त्रीय नावाची रचना

शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग वंशाचे नाव आणि दुसरा भाग त्या वंशातील जातीचे विशेषण असतो. ही द्विपद पद्धती स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने वनस्पतींसाठी १७५३ मध्ये सातत्याने वापरली, आणि वनस्पतींच्या नावांचा अधिकृत आरंभ त्याच वर्षापासून धरला जातो. प्रत्येक नाव एका ठरावीक नमुन्याशी जोडलेले असते. हा नमुना बहुधा वनस्पतिसंग्रहालयात जपलेली वाळलेली फांदी असते. त्यामुळे नावाचा अर्थ मतावर किंवा बोलीवर अवलंबून राहत नाही. शंका आल्यास नमुना काढून पाहता येतो.

जातीचे विशेषण पुष्कळदा झाडाचे एखादे लक्षण सांगते. बाभळींच्या बाबतीत ते छायाचित्र तपासताना उपयोगी पडते. 'ल्युकोफ्लिआ' म्हणजे पांढऱ्या सालीची, आणि हिवराची साल तशीच असते. 'ल्युकोसेफाला' म्हणजे पांढऱ्या डोक्याची. सुबाभळीचे फुलांचे गोल गुच्छ पांढरे असतात. 'ज्युलिफ्लोरा' म्हणजे लोंबत्या कणसासारख्या फुलोऱ्याची. 'ॲक्युलिएटा' म्हणजे काटेरी. 'निलोटिका' हे विशेषण नाईल नदीच्या प्रदेशावरून, तर 'फार्नेसियाना' हे रोममधील फार्नेसे घराण्याच्या बागेवरून आले आहे. ही दोन विशेषणे लक्षण न सांगता स्थळ सांगतात.

संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर शोध घेताना ही नावे रोमन लिपीत टंकावी लागतात. वंशनामाचे पहिले अक्षर मोठे आणि जातिविशेषण लहान अक्षरांत लिहिले जाते.

| मराठी नाव | शोधासाठी टंकायचे नाव | फुलोरा |
|---|---|---|
| बाभूळ | Vachellia nilotica | पिवळा, गोल |
| हिवर | Vachellia leucophloea | मलईरंगी, गोल, मोठ्या तुऱ्यात |
| देवबाभूळ | Vachellia farnesiana | पिवळा, गोल, सुगंधी |
| वेडी बाभूळ (१) | Neltuma juliflora | पिवळट, लांब कणसासारखा |
| वेडी बाभूळ (२) | Parkinsonia aculeata | सुट्या पाकळ्यांची पिवळी फुले |
| सुबाभूळ | Leucaena leucocephala | पांढरा, गोल |
| ऑस्ट्रेलियन बाभूळ | Acacia auriculiformis | पिवळा, लांब कणसासारखा |

## छायाचित्रावरून ओळख

बाभळींच्या छायाचित्रांतील बहुतेक चुका फुलाच्या रंगावर विसंबल्याने होतात. वरील सातपैकी पाच झाडांची फुले पिवळी किंवा पिवळट आहेत. म्हणून रंगाआधी फुलोऱ्याचा आकार पाहिला जातो. फुलोरा गोल आहे, कणसासारखा लांब आहे, की पाकळ्या सुट्या दिसणाऱ्या फुलांचा आहे, या एका प्रश्नाने सात नावांचे तीन गट पडतात.

फुलोरा गोल असल्यास पुढचा प्रश्न रंगाचा आणि काट्यांचा असतो. पांढरा गुच्छ आणि काटे नाहीत, तर सुबाभूळ. मलईरंगी गुच्छ मोठ्या तुऱ्यात आणि साल फिकट, तर हिवर. पिवळा गुच्छ आणि जोडीचे काटे असल्यास बाभूळ किंवा देवबाभूळ. या दोघींत शेंग असेल तर निर्णय सोपा होतो: मण्यांच्या माळेसारखी शेंग बाभळीची, फुगीर दंडगोल शेंग देवबाभळीची. शेंग नसेल, तर गुच्छाचा देठ पाहावा लागतो. बाभळीच्या देठावर साधारण मध्यभागी सूक्ष्म छदांचे एक बारीक कडे दिसते. देवबाभळीत ते कडे अगदी टोकाला, गुच्छाच्या खाली झाकलेले असते. हे लक्षण काही मिलिमीटरचे असल्याने जवळून घेतलेल्या, स्पष्ट छायाचित्रातच दिसते.

फुलोरा कणसासारखा असल्यास पान निर्णायक ठरते. बारीक पर्णिकांचे संयुक्त पान आणि काटे असतील, तर ती नेल्टुमा. कोयत्याच्या आकाराचे अखंड पान आणि काटे नसतील, तर ती ऑस्ट्रेलियन बाभूळ.

फुले नसतानाही पानावरून बराच निवाडा होतो. बाभळीचे पान दोनदा विभागलेले असते. मधल्या दांड्यावर उपशाखांच्या अनेक जोड्या असतात आणि पर्णिका अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असतात. नेल्टुमाच्या पानात उपशाखांची बहुधा एक ते तीनच जोडी असते आणि पर्णिका अधिक लांब असतात. पार्किन्सोनियाच्या पानात उपशाखा चपट्या, फितीसारख्या आणि कित्येकदा ३० सेंटिमीटरपर्यंत लांब असतात. त्यांच्यावरील पर्णिका इवल्याशा असून लवकर गळतात, म्हणून झाडावर नुसत्या हिरव्या फिती लोंबताना दिसतात.

यावरून छायाचित्र घेताना काय टिपावे, हेही ठरते. संपूर्ण झाड, खोडाची साल, काट्यांसह फांदी, एक पूर्ण पसरलेले पान, फुलोऱ्याचा देठासह जवळचा भाग आणि शेंग अशी वेगवेगळी चित्रे एकाच झाडाची असावी लागतात. शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवल्यास आकार कळतो. स्थळ आणि महिना यांची नोंदही आवश्यक असते. बाभूळ साधारणपणे पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या आरंभी फुलते, आणि तिच्या शेंगा नंतर पिकतात. त्यामुळे एकाच भेटीत फूल आणि पिकलेली शेंग मिळेलच असे नाही.

## उदाहरण: 'वेडी बाभूळ' या नावाची दोन छायाचित्रे

समजा, श्रीगोंदा तालुक्यातील दोन वेगवेगळ्या ठिकाणची दोन छायाचित्रे आहेत आणि दोहोंखाली 'वेडी बाभूळ' एवढेच लिहिले आहे.

पहिल्या चित्रात ओढ्याकाठी दाट, जमिनीपासून फांद्या फुटलेले झुडूप दिसते. फांदीवर प्रत्येक पेऱ्याशी मजबूत काटे आहेत. पानाच्या दांड्याला उपशाखांच्या दोन जोड्या मोजता येतात. पिवळट फुलोरे बोटाएवढे लांब आणि कणसासारखे आहेत. झाडाखाली पडलेल्या शेंगा फिकट पिवळ्या, काहीशा वाकलेल्या आणि मांसल आहेत. फुलोरा लांब असल्यामुळे बाभूळ, हिवर आणि देवबाभूळ ही तिन्ही नावे बाद होतात. काटे आणि संयुक्त पान असल्यामुळे ऑस्ट्रेलियन बाभूळ बाद होते. उरते ती नेल्टुमा ज्युलिफ्लोरा.

दुसऱ्या चित्रातील झाडाचे खोड आणि फांद्या हिरव्या आहेत. फुलांना पाच सुट्या पाकळ्या आहेत. त्यांतील एकीवर नारिंगी-तांबडे ठिपके असून जुन्या फुलांत ती पूर्ण तांबूस झाली आहे. पानांच्या जागी लांब, चपट्या हिरव्या फिती लोंबत आहेत. पाकळ्या सुट्या दिसत असल्यामुळे हे गोल किंवा कणसासारख्या फुलोऱ्याच्या कोणत्याही बाभळीचे चित्र असू शकत नाही. फितीसारखे पान आणि हिरवे खोड पार्किन्सोनिया ॲक्युलिएटा निश्चित करतात.

आता दोन्ही चित्रांखालील मराठी नाव खोटे ठरत नाही, कारण दोन्ही झाडांना तसे म्हणतात. परंतु शास्त्रीय नाव लिहिल्यावर दोन्ही नोंदी वेगळ्या होतात आणि त्यांचा नकाशा काढताना एकमेकींत मिसळत नाहीत.

## व्यवहारातील परिणाम

नावाच्या चुकीचा परिणाम चाऱ्यावर आणि जमिनीच्या निगेवर होतो. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन हे द्रव्य असते. ते अधिक प्रमाणात पोटात गेल्यास जनावरांचे केस गळतात आणि गलग्रंथी वाढते; म्हणून गुरांच्या चाऱ्यात तिचे प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. देशी बाभळीच्या पाल्याला आणि शेंगांना हा नियम लागू होत नाही. 'बाभळीचा पाला चालतो' हे वाक्य ऐकून सुबाभळीचा पाला भरपूर घालणे किंवा उलट सुबाभळीविषयीची सूचना वाचून देशी बाभूळ टाळणे, या दोन्ही चुका एकाच शब्दामुळे होऊ शकतात.

नेल्टुमाच्या शेंगा गोड असल्याने शेळ्या-मेंढ्या त्या खातात, आणि न पचलेले बी लेंड्यांबरोबर नव्या जागी पडून रुजते. तिचे खोड जमिनीच्या वर तोडल्यास बुंध्याला पुन्हा अनेक फांद्या फुटतात. त्यामुळे ती काढायची तर मुळाच्या वरच्या भागासह खणावी लागते. 'बाभळी काढणे' असा मोघम शब्दप्रयोग करून ओढ्याकाठ साफ केल्यास हिवर आणि देशी बाभूळ यांसारखी उपयुक्त देशी झाडेही तुटतात. अशा कामाच्या यादीत छायाचित्र आणि शास्त्रीय नाव दोन्ही असणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

## शास्त्रीय नावांतील बदल

शास्त्रीय नावेही बदलतात, आणि बाभूळ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. लिनियसने १७५३ मध्ये देशी बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटले. पुढे ती अकेशिया निलोटिका झाली आणि बहुतेक मराठी पाठ्यपुस्तकांत व कोशांत याच नावाने आली. 'अकेशिया' हा शब्दच मुळात काटा या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडला जातो, आणि या वंशाचा नमुना म्हणून बाभळीचीच जाती धरलेली होती.

हा वंश एक हजाराहून अधिक जातींचा होता, आणि त्यातील बहुसंख्य जाती ऑस्ट्रेलियातील होत्या. अभ्यासाअंती तो एकजिनसी नसल्याचे दिसून आल्यावर त्याची विभागणी करणे भाग पडले. नियमाप्रमाणे मूळ नाव नमुन्याच्या जातीकडे, म्हणजे बाभळीकडे राहिले असते आणि ऑस्ट्रेलियातील शेकडो जातींची नावे बदलावी लागली असती. ते टाळण्यासाठी २००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत वंशाचा नमुना बदलून ऑस्ट्रेलियातील एका जातीवर ठेवण्यात आला. आफ्रिका आणि आशियातील अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले, परंतु २०११ च्या मेलबर्न परिषदेत तो निर्णय कायम राहिला. परिणामी काटे असलेली बाभूळ व्हॅचेलिया वंशात गेली आणि काटे नसलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ अकेशियाच राहिली.

प्रोसोपिस वंशाचेही २०२२ मध्ये विभाजन सुचविण्यात आले. त्यानुसार अमेरिकेतील वेडी बाभूळ नेल्टुमा वंशात गेली, तर शमी किंवा सौंदड (प्रोसोपिस सिनेरेरिया) जुन्याच वंशात राहिली. अशा बदलांत वंशनाम बदलले तरी जातिविशेषण बहुधा टिकते: 'निलोटिका' आणि 'ज्युलिफ्लोरा' हे शब्द जुन्या आणि नव्या दोन्ही नावांत आहेत. जुने नाव रद्द न होता समानार्थी नाव म्हणून नोंदलेले राहते. त्यामुळे जुन्या पुस्तकातील अकेशिया निलोटिका आणि आजची व्हॅचेलिया निलोटिका हे एकच झाड आहे, हे नोंदींवरून शोधून काढता येते. 'वेडी बाभूळ' या नावाच्या अर्थाचा असा माग काढण्याची सोय नसते.

## मर्यादा

शास्त्रीय नाव लिहिले म्हणजे ओळख बरोबर ठरतेच असे नाही. चुकीच्या झाडाला नेमके नावही चिकटविता येते. फरक इतकाच की, नेमके नाव असल्यास त्या जातीच्या वर्णनाशी छायाचित्र ताडून चूक दाखविता येते. काही फरक छायाचित्रात उतरतच नाहीत. नेल्टुमा ज्युलिफ्लोरा आणि तिच्या अगदी जवळची नेल्टुमा पॅलिडा यांच्यातील भेद पर्णिकांच्या मोजमापावर आणि संख्येवर अवलंबून असल्याने सामान्य चित्रावरून तो ठरविणे धोक्याचे असते. लहान रोपे आणि छाटलेली झाडे यांतही लक्षणे अपुरी असतात. जुन्या बाभळीच्या वरच्या फांद्यांवर काटे विरळ असू शकतात, म्हणून काटे न दिसणे हा एकटाच पुरावा पुरेसा नसतो.

अशा वेळी नोंद वंशापर्यंतच थांबविण्याची पद्धत आहे. 'व्हॅचेलिया, जाती अनिश्चित' अशी नोंद अपूर्ण असली तरी चूक नसते, आणि पुढे फूल किंवा शेंगेचे चित्र मिळाल्यावर ती पूर्ण करता येते. स्थानिक नावही नोंदीतून वगळले जात नाही. कोणत्या तालुक्यात कोणत्या झाडाला काय म्हणतात, ही माहिती शास्त्रीय नावाशेजारी लिहिल्यासच पुढील वाचकाला त्या बोलीतील नावाचा नेमका अर्थ लागतो.